खाच

मी दहावीच्या मुलांना गणित शिकवते. मुलुंड पूर्वेला आईच्या घरी पुढच्या खोलीत सतरंजी घालून क्लास सुरू केला, तेव्हा बी.एस्सी. होऊन वर्षही झालं नव्हतं. बोर्डात गणितात चांगले गुण मिळाले होते, कॉलेजातही गणितच घेतलं होतं, त्यामुळे दहावीचं गणित आपल्याला येतं याबद्दल मला शंका नव्हती. ते येतही होतं. आकडे वाचता येत नव्हते एवढंच, आणि ते मला शेजारच्या काकांनी शिकवलं. त्यांचं देणं फिटण्यासारखं नाही. निदान काय घेतलं त्याची नोंद राहावी म्हणून हे लिहिते आहे.

मार्च 2020 मध्ये लोकल बंद झाल्या आणि सतरंजी गुंडाळून ठेवावी लागली. माझी मुलं मुलुंड, भांडुप आणि घाटकोपरची. जूनपासून त्यांच्या शाळा मोबाइलवर भरू लागल्या, तसा माझा क्लासही मोबाइलवर आला. फळा गेला आणि त्याच्या जागी व्हॉट्सअॅपचे फोटो आले. वहीच्या पानांचे, पुस्तकाच्या पानांचे, मैत्रिणीने पाठवलेल्या फोटोचा पुन्हा काढलेला फोटो. रात्री दहानंतर एकामागून एक येत राहायचे आणि खाली एकच ओळ असायची, ‘ताई, हे सोडवून द्या ना.’

त्यातले निम्मे फोटो आडवे आणि काही चक्क उलटे असत. मला तो मुलांचा आळस वाटायचा. खरं कारण पुढे कळलं. फोनची कोणती बाजू वर आहे हे फोनला गुरुत्वाकर्षणाच्या दिशेवरून समजतं. फोन उभा धरला की वर-खाली स्पष्ट असतं. वही जमिनीवर ठेवून वरून फोटो काढताना मात्र फोन पानाला समांतर, म्हणजे आडवा झोपलेला असतो. गुरुत्वाकर्षण पडद्यातून आरपार खाली जातं, चारही कडा सारख्याच होतात, आणि फोन आधीचा अंदाज धरून बसतो किंवा नवा अंदाज करतो. म्हणून माणसांचे फोटो सरळ येतात आणि वहीच्या पानांचे वाकडे. मुलांनी काही चूक केलेली नसायची. चूक पुढे मी करत होते.

ऑगस्टमधली एक रात्र मला नीट आठवते. घाटकोपरच्या एका मुलीने सांख्यिकीचं उदाहरण पाठवलं. सोबत लिहिलं होतं, ‘40 मुलांचे गुण आहेत, मध्य काढायचा आहे.’ फोटोत हाताने काढलेला दोन ओळींचा तक्ता होता. ओळींची नावं चौकटीबाहेर राहून गेली होती, उरले होते नुसते आकडे. वरच्या ओळीत 9, 8, 11, 6, 9 आणि खालच्या ओळीत 68, 98, 18, 89, 99.

मोठे आकडे गुण आणि लहान आकडे मुलं, हे उघड होतं. मी गुणाकार केले: 68 × 9 = 612, 98 × 8 = 784, 18 × 11 = 198, 89 × 6 = 534, 99 × 9 = 891. बेरीज 3019 आली. मुलांची बेरीज आली 43. 3019 भागिले 43, मध्य 70.21. मुलीने 40 लिहिलं होतं आणि मला 43 मिळाले होते, तर तिने घाईत चुकीचं लिहिलं असेल असं मी धरून चालले. ही कबुली द्यायला आजही जड जातं. माझ्या वाचनावर मला शंका आली नाही, तिच्या लिहिण्यावर आली.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या सरावात तिचं उत्तर चुकलं. बरोबर उत्तर 78.03 होतं. तिने मला मैत्रिणीची वही दाखवली, आणि गंमत अशी की त्या वहीतही 612 होता, 891 होता, 534 होता. पाचांतले तीन गुणाकार जुळत होते, तरी उत्तर वेगळं. मी अर्धा तास त्या दोन पानांकडे पाहत बसले. मग तिने मूळ वही कॅमेऱ्यासमोर धरली. फोटो उलटा होता. खरा तक्ता असा होता: गुण 66, 68, 81, 86, 89 आणि मुलं 6, 9, 11, 8, 6. बेरीज 3121, मुलं बरोबर 40.

पान उलटं झालं की डावीकडचं उजवीकडे जातं, वरची ओळ खाली येते, प्रत्येक आकड्यातला शेवटचा अंक पहिला होतो आणि 6 चा 9 होतो. 66 चे 99 झाले होते, 81 चे 18, 86 चे 98. 0, 1 आणि 8 तसेच राहतात, म्हणून नजरेला काही खटकत नाही. 68 × 9 उलटं केलं की 89 × 6 होतं आणि 89 × 6 चं 68 × 9, म्हणून ते दोन गुणाकार दोन्हीकडे सारखेच दिसत होते. 81 × 11 आणि 99 × 9 दोन्ही 891 हा निव्वळ योगायोग. जे जुळत होतं त्याच्याच आड चूक लपून बसली होती.

त्या संध्याकाळी मी पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसले होते. समोरच्या दाराशी काका बसले होते, मध्ये लॉकडाउनचं अंतर. काका कंपोझिटर. आयुष्यभर गिरगावातल्या छापखान्यात खिळे जुळवले. ऑफसेट आलं, छापखाना मिटला, आणि ते मुलुंडला राहायला आले. इमारतीत त्यांची ओळख एवढीच की लग्नपत्रिकेतली चूक ते दहा फुटांवरून काढतात. मी माझी फजिती सांगितली. ते हसले नाहीत. त्यांनी एकच विचारलं, “खाच कुठं होती?”

मला कळलं नाही. ते आत गेले आणि बिस्किटांचा जुना डबा घेऊन आले. डब्यात एक लोखंडी स्टिक होती आणि मूठभर शिशाचे खिळे, काळपट, कडा झिजलेल्या. सॅनिटायझर लावून त्यांनी एक खिळा माझ्या पायरीवर ठेवला. “वाच.”

बोटाच्या पेरापेक्षा लहान धातूचा तुकडा, त्याच्या टोकाला उठावाचा अंक. मी म्हणाले, “9.” ते म्हणाले, “कशावरून?” मी गप्प. “अंगावर बोट फिरव.” खिळ्याच्या एका बाजूला आडवी बारीक खाच होती, नखाला लागेल एवढी. ती माझ्या अंगठ्याखाली आली. काकांनी सांगितलं की प्रत्येक खिळ्याला ही खाच असते आणि ती अक्षराच्या पायाच्या बाजूला असते. खाच कुठे आहे ते समजलं की अक्षर कुठे उभं आहे ते समजलं. खिळ्यावरचं अक्षर आरशातलं असतं, आणि कंपोझिटर खाच वर ठेवून ते स्टिकमध्ये डावीकडून उजवीकडे भरतो, म्हणजे तो सगळी ओळ डोक्यावर उभी असलेली वाचतो. मी खाच वर आणून धरला होता तो 6 होता.

“अंक बघायचाच नाही आधी,” ते म्हणाले. “आधी खाच. 9 कमी पडले की कुणीतरी 6 उलटा लावतो. छापून आल्यावर चटकन कळत नाही. पण स्टिकमध्ये बघ, सगळ्या खाचा एका रेषेत आणि त्याची एकट्याची गायब.”

मग त्यांनी देवनागरीचे दोन खिळे शेजारी ठेवले, ३ आणि ६. स्टिक उलटी फिरवली तरी शेपटीचा फरक सोडला तर छत्तीसच. “छत्तीसचा आकडा असा,” ते म्हणाले, “कुठूनही बघा, भांडण मिटत नाही.” त्यांचा विनोद तेवढाच. पण मला दिसलं ते वेगळं होतं. काही आकडे उलटे होऊनही आपण उलटे झालोय हे सांगत नाहीत. त्यांना विचारून उपयोग नसतो, दुसऱ्या कशाला तरी विचारावं लागतं.

त्या रात्रीपासून फोटो आला की मी आकडे झाकून खाच शोधू लागले. कागदाला खाच नसते, पण खाचेचं काम करणाऱ्या खुणा असतात, आणि त्या शोधायला मला काही आठवडे लागले. सगळ्यात भरवशाची खूण आपल्या लिपीतच आहे. एक जरी मराठी शब्द चौकटीत आला असेल, ‘गुण’ किंवा ‘एकूण’, तर त्याची शिरोरेघ पाहायची. ती ज्या बाजूला तीच पानाची वरची बाजू. शब्द वाचावाही लागत नाही. पान आडवं असेल तर शिरोरेघ उभ्या काठीसारखी दिसते आणि अक्षरं तिच्या एका अंगाला लोंबतात. अक्षरांच्या उलट्या बाजूला वर असतं. दुसरी खूण वहीची. लाल समासाची उभी रेघ डावीकडे असते. फोटोत ती उजवीकडे दिसली तर पान उलटं, वर किंवा खाली दिसली तर आडवं.

शब्दही नसेल आणि समासही कापला गेला असेल, तर मग अंकांकडे जायचं, पण ठरावीक अंकांकडे. 3, 4 आणि 7 उलटे झाले की ओळखू येतात, 7 तर डोक्यावर उभा राहून लंगडतो. म्हणून तक्त्यात आधी हे तीन शोधायचे. छापील 2 आणि 5 फिरवले तरी 2 आणि 5 च राहतात, त्यांची साक्ष धरायची नाही. दशांशचिन्ह तळाच्या रेषेवर असतं, ते अंकांच्या डोक्याशी दिसलं तर पान उलटं. आणि 60 उलटा झाला की 09 होतो. सुरुवातीला शून्य असलेली संख्या तक्त्यात दिसली की थांबायचं, कारण मुलं 09 असं लिहीत नाहीत.

माझ्या त्या घाटकोपरच्या तक्त्यात यातली एकही खूण नव्हती. शब्द नव्हते, समास नव्हता, 3, 4, 7 नव्हते, शून्यही नव्हतं. तरी खाच होती. गुण 68, 98, 18, 89, 99 असे वर-खाली उड्या मारत होते, आणि पाठ्यपुस्तकाच्या वळणाचा तक्ता चढत्या क्रमानेच लिहिलेला असतो. दुसरी खाच तिने स्वतः लिहून पाठवली होती, 40. मीच ती खोडली होती.

पान फिरवणंही शिकावं लागलं. मी फोन फिरवला की पडद्यावरचा फोटोही फिरायचा आणि पुन्हा तसाच वाकडा होऊन बसायचा. शेवटी ऑटो-रोटेट कायमचं बंद केलं. आडवं पान मान वाकडी करून वाचायचं नाही, एडिटमध्ये जाऊन सरळ करायचं आणि मगच वहीत उतरवायचं, हा नियम केला. तो नियम मी कसा मोडला आणि काय झालं ते सांगायला हवं, नाहीतर काकांनी एका संध्याकाळीत मला शहाणं केलं असा समज होईल.

डिसेंबरमध्ये भांडुपच्या मुलाने मध्यकाचं उदाहरण पाठवलं. फोटो आडवा, पानाचा माथा उजवीकडे. दोन स्तंभ होते, वर्ग आणि वारंवारता. शिरोरेघ पाहिली, अंक आडवे पडलेले पण स्वच्छ होते, 6 आणि 9 चा गोंधळ नाही. घाई होती. खाच तर पाहिली आहे असं म्हणून मी मान कलती करून डावीकडून उजवीकडे उतरवत गेले: 40–50 मध्ये 7, 30–40 मध्ये 12, 20–30 मध्ये 14, 10–20 मध्ये 11, 0–10 मध्ये 6. प्रत्येक जोडी अचूक होती. एकूण 50, तेही जुळलं. या वेळी बेरीज तपासली होती म्हणून मी निर्धास्त होते.

मध्यकाचं सूत्र मुलांना पाठ असतं: L + ((N/2 − cf)/f) × h. यातली cf म्हणजे मध्यकाच्या वर्गाच्या आधीच्या वर्गापर्यंतची संचित वारंवारता. मी वरून बेरजा केल्या, 7, 19, 33. 25 वी संख्या 20–30 या वर्गात येते. आधीची cf 19. मध्यक = 20 + ((25 − 19)/14) × 10 = 24.29. पाठवून दिलं.

पाच मिनिटांत त्याचा निरोप आला. “ताई, पुस्तकात 25.71 आहे.” मी पुन्हा तपासलं, गुणाकार-भागाकार बरोबर. मग त्याने विचारलं, “ताई, तुम्ही 40–50 पासून का सुरुवात केली?”

पानाचा माथा उजवीकडे होता, म्हणजे पानाचा तळ माझ्या डावीकडे. डावीकडून वाचताना मी तक्ता तळापासून वर वाचत होते. ‘आधीचा वर्ग’ म्हणून मी जो धरला तो खरं तर नंतरचा होता. बरोबर cf 6 + 11 = 17 हवी होती: 20 + ((25 − 17)/14) × 10 = 25.71. मी 30 कडून खाली मोजलेलं अंतर 20 मध्ये मिळवलं होतं. वर्ग तोच आला, उत्तर त्याच वर्गात पडलं, बेरीज जुळली, आणि तरी चूक. अशी चूक बेरजेने सापडत नाही. मध्य काढताना ती झाली असती तर उत्तर बरोबरच आलं असतं, कारण मध्याला क्रम लागत नाही. मध्यकाला लागतो.

मी काकांकडे गेले, दार उघडं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि स्टिक हातात धरून दाखवली. “खाच वर केली म्हणून काम संपलं काय? भरायचं डावीकडूनच. उजवीकडून भरलंस तर सगळी अक्षरं सरळ आणि वाक्य उलटं.” ते रागावले नव्हते. मला मात्र लाज वाटली. खाच पाहणं म्हणजे अंक कुठल्या बाजूला उभा आहे ते पाहणं, आणि ओळ कुठून सुरू होते ते पाहणं ही वेगळी गोष्ट. पहिलं मी शिकले होते आणि दुसरं आपोआप आलं असेल असं धरलं होतं.

त्यानंतर मी तक्ता वहीत उतरवल्यावर सोडवण्याआधी तीन प्रश्न विचारू लागले. वर्ग चढते आहेत का? वारंवारतेची बेरीज दिलेल्या संख्येइतकी आहे का? आणि तक्त्यात संचित वारंवारता दिलेली असेल तर ‘पेक्षा कमी’ वाला स्तंभ वाढत जाऊन शेवटी N वर थांबतो का? तो उतरत असेल तर एकतर तो ‘पेक्षा जास्त’ वाला आहे, नाहीतर मी पान उलटं वाचलं आहे. यात मिनिट जातं. पुढच्या दोन महिन्यांत या तीन प्रश्नांनी मला चार-पाच वेळा थांबवलं. दर वेळी चूक माझी होती असं नाही, पण निम्म्या वेळी होती.

यालाही मर्यादा आहे हे मान्य करायला मी उशीर केला. एका मुलीने आत्याच्या फोनवरून पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो पाठवला. तो आरशातला आला होता. कितीही फिरवला तरी सरळ होईना, कारण फिरवून आरसा सुलटत नाही. काकांना दाखवला तर त्यांनी तो सरळ वाचून काढला, खिळ्यासारखा. मी माझ्यासाठी फोटो एडिटमध्ये उलटवून घेतला. दुसऱ्या एका तक्त्यात नुसते 11, 18, 81, 88 असे आकडे विनाक्रम होते, कोणतीही खूण नाही. पूर्वी मी अंदाज केला असता. त्या दिवशी मी लिहिलं, ‘वाचता येत नाही, वरच्या कोपऱ्यात बाण काढून पुन्हा पाठव.’ शिकवणाऱ्या माणसाला ‘वाचता येत नाही’ असं लिहिता येतं हे मला काकांमुळे कळलं. खाच न दिसलेला खिळा ते स्टिकमध्ये लावत नसत, केसमध्ये परत टाकत.

बाणाची प्रथा पुढे सगळ्यांनीच उचलली. मुलं फोटो काढण्याआधी पानाच्या वरच्या काठाला पेन्सिलीने छोटा बाण काढत आणि खाली एकूण संख्या लिहीत. मी त्याला ‘खाच’ म्हणायचे, मुलांना त्याचा अर्थ सांगितला नव्हता, तरी तेही म्हणू लागले. 2021 साली दहावीची परीक्षा रद्द झाली आणि निकाल अंतर्गत मूल्यमापनावर लागला. माझ्या त्या मुलांनी बोर्डाच्या पेपरात सांख्यिकीचा तक्ता कधी सोडवलाच नाही. मी त्यांना दिलेल्या दोन चुकीच्या उत्तरांची भरपाई करायची संधीही तिथेच संपली. त्या वर्षानंतर मुलं पुन्हा सतरंजीवर आली, पण फोटो थांबले नाहीत, आता कायमचेच झाले आहेत.

काका दोन वर्षांपूर्वी बोरिवलीला मुलाकडे गेले. मुलुंड ते बोरिवली म्हणजे दादरला गाडी बदलून दीड तास, मग भेट फोनवरच. त्यांना साखर आहे. मोजण्याचं छोटं यंत्र मुलाने आणून दिलं, आणि काका दर काही दिवसांनी तक्ता करून मला पाठवतात. डॉक्टरांना दाखवायला सरासरी हवी असते. ते म्हणतात, “तू मास्तरीण, तूच कर.” मला ते गुरुदक्षिणेसारखं वाटतं, पण तसं त्यांना म्हटलं तर आवडणार नाही.

मागच्या महिन्यात फोटो आला तो डाव्या बाजूचे शब्द कापलेला. आकडे तेवढे होते. एका ओळीत 191, 181, 191 आणि दुसऱ्या ओळीत 98, 96, 86. जेवणानंतरची साखर 180 च्या आत असावी असं त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेलं. 191, 181, 191 ची सरासरी 188 च्या जवळ येते. मी फोन हातात घेऊन काळजीत त्यांच्या मुलाला लावणार होते.

मग थांबले. खाच कुठे आहे? शिरोरेघ नाही, 3-4-7 नाहीत. दुसरी ओळ तपासली: 98, 96, 86 उलटं केलं तर पुन्हा 98, 96, 86. अशी ओळ मी पूर्वी कधी पाहिली नव्हती, फिरवली तरी अंक तेच आणि क्रमही तोच. तिला विचारून काही उपयोग नव्हता. वरची ओळ मात्र उलटी केली तर 161, 181, 161 होत होती, सरासरी 168 च्या आसपास. एकाच कागदातून दोन निदानं निघत होती आणि कागद कोणतं खरं ते सांगत नव्हता.

फोटो मोठा करून कडा पाहिल्या. वरच्या काठाला, अगदी मध्यावर, कात्रीने कापलेली बारीक त्रिकोणी खाच होती. नखाला लागेल एवढी.

खिळ्याची खाच अक्षराच्या पायाशी असते. म्हणजे तो काठ वरचा नव्हता, खालचा होता. मी फोटो उलटा केला. 98, 96, 86 आणि त्याखाली 161, 181, 161. सरासरी काढून पाठवली, 167.67. खाली लिहिलं, ‘खाच दिसली.’

उत्तर आलं, ‘मग बरोबर असेल.’